जनरेटर टर्बाइनपेक्षा जास्त देतो कसा? एका साध्या वाफ-चक्राच्या हिशेबाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

प्रकल्प छोटा होता. एक बॉयलर, एक कंडेन्सिंग टर्बाइन, गिअरबॉक्सवरून फिरणारा जनरेटर, टर्बाइनखाली कंडेन्सर आणि कंडेन्सेट परत बॉयलरकडे ढकलणारे पंप. मध्येच वाफ काढून घेणे नाही, रीहीट नाही. अभ्यासक्रमात पहिल्याच तासाला फळ्यावर जे चार चौकोनांचे रँकिन चक्र काढतात, त्याच्या जवळपास जाणारे यंत्र प्रत्यक्षात क्वचित भेटते. हे त्यातले एक.

एक डीएरेटर मात्र होता. त्याला लागणारी वाफ बॉयलरच्याच हेडरवरून दाब कमी करून घेतली जायची आणि फीड वॉटरबरोबर बॉयलरलाच परत जायची. म्हणून हिशेबासाठी आम्ही डीएरेटर बॉयलरच्या चौकोनातच धरला. टर्बाइनकडे जाणाऱ्या वाफेचा फ्लोमीटर या फाट्याच्या पुढे होता, त्यामुळे त्याच्यावर दिसणारी वाफ फक्त टर्बाइनचीच.

वार्षिक शटडाऊन सहा आठवड्यांवर आले होते. टर्बाइनचे केसिंग या वेळी उघडायचे की पुढच्या वर्षी, हा निर्णय बाकी होता. गेल्या काही महिन्यांत तेवढ्याच वाफेवर वीज थोडी कमी निघते आहे, असे शिफ्टवाल्यांचे म्हणणे होते. नुकत्याच रुजू झालेल्या एका ट्रेनी अभियंत्याला काम दिले गेले: लॉगशीटवरून चक्राची कार्यक्षमता काढ आणि टर्बाइनची तब्येत सांग. त्याचा कागद तपासायला माझ्याकडे आला, आणि मी या प्रकरणात पडलो.

भार स्थिर असताना एका तासाच्या नोंदींची सरासरी त्याने घेतली होती. ती अशी:

| नोंद | वाचन |
|---|---|
| टर्बाइनच्या तोंडाशी वाफ | ३९ बार गेज, ४००° से. |
| वाफेचा प्रवाह | १८ टन प्रति तास |
| कंडेन्सरचा व्हॅक्यूम | ०.८६ बार |
| एग्झॉस्टचे तापमान | ५४° से. |
| फीड पंपाचा डिस्चार्ज दाब | ५४ बार गेज |
| जनरेटरचा मीटर | ३,८८० किलोवॅट |
| थंड पाणी, आत आणि बाहेर | ३२° आणि ४०.१° से. |

## अडचण

कागद नीटनेटका होता. गेज दाबात वातावरणाचा दाब मिळवून त्याने निरपेक्ष दाब काढले होते: वर ४० बार, खाली १.०१ वजा ०.८६ म्हणजे ०.१५ बार. पुष्कळ जण इथेच पहिली चूक करतात. ३९ ऐवजी ४० घेतले काय, न घेतले काय, वरच्या टोकाला फारसा फरक पडत नाही. खालच्या टोकाला मात्र दाबात ०.०२ बारची चूक झाली, तरी संपृक्त तापमान तीन अंशांनी हलते. पठ्ठ्याने वातावरणाचा दाबही पुस्तकातून न घेता नियंत्रण कक्षातल्या बॅरोमीटरवरून घेतला होता. मला बरे वाटले.

मग त्याने चार ठिकाणच्या एन्थाल्पी मांडल्या होत्या. टर्बाइनच्या तोंडाशी h₁, म्हणजे ४० बार, ४००° च्या अतितप्त वाफेची, ३२१४.५ किलोजूल प्रति किलो. कंडेन्सरमधून निघणाऱ्या पाण्याची h₃, ०.१५ बारच्या संपृक्त द्रवाची, २२५.९. पंपाचे कार्य विशिष्ट आकारमान गुणिले दाबातला फरक, म्हणजे ०.००१०१४ गुणिले सुमारे ५,४८५ किलोपास्कल, ५.६, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली की ९.३. ते h₃ मध्ये मिळवले की पंपातून निघणाऱ्या पाण्याची h₄, २३५.२. पंपाने दाब टर्बाइनच्या ४० बारपर्यंत नव्हे, ५५ बारपर्यंत चढवलेला होता, कारण नियंत्रण झडप, इकॉनॉमायझर आणि सुपरहीटर यांतून जाताना दाब खर्ची पडतो. तेही त्याने धरले होते.

एग्झॉस्टपाशी त्याने लिहिले होते: दाब ०.१५ बार, तापमान ५४°, स्टीम टेबलवरून h₂ = २५९८.३. पुढचा हिशेब असा:

```
टर्बाइनचे कार्य   = h₁ − h₂ = ३२१४.५ − २५९८.३ = ६१६.२
पंपाचे कार्य      = h₄ − h₃ = २३५.२ − २२५.९  =   ९.३
निव्वळ कार्य      = ६१६.२ − ९.३              = ६०६.९
दिलेली उष्णता    = h₁ − h₄ = ३२१४.५ − २३५.२ = २९७९.३
कार्यक्षमता       = ६०६.९ / २९७९.३           = २०.४ %
```

(सगळे आकडे किलोजूल प्रति किलो वाफ.)

एन्ट्रॉपी न बदलता वाफ ०.१५ बारपर्यंत प्रसरण पावली असती, तर १०२०.५ किलोजूल मिळाले असते. म्हणून टर्बाइनची आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमता ६१६.२ भागिले १०२०.५, म्हणजे ६० टक्के. टर्बाइन नवे असताना ती ८२ टक्के मोजली गेली होती. देखभाल प्रमुखांनी तो एक आकडा पाहिला आणि म्हणाले, "साठ म्हणजे ब्लेडं खाल्ली गेलीत. केसिंग उघडायचंच."

ट्रेनी ठाम होता. "सर, मी ताळा पण घेतलाय. दिलेली उष्णता वजा कंडेन्सरला सोडलेली उष्णता, २९७९.३ वजा २३७२.४. बरोबर ६०६.९ येतात."

येणारच. तो ताळा नाहीच. निव्वळ कार्य म्हणजे (h₁ − h₂) − (h₄ − h₃), आणि उष्णतांची वजाबाकी म्हणजे (h₁ − h₄) − (h₂ − h₃). कंस सोडले की दोन्ही एकच. h₂ च्या जागी मनाला येईल तो आकडा घाला, दोन्ही बाजू तंतोतंत जुळतील. या ताळ्याने बेरीज-वजाबाकी चुकली असेल तर कळते. एन्थाल्पी चुकली असेल तर कधीच कळत नाही. हे माझ्या स्वतःच्या ध्यानात नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आले होते, म्हणून मी त्याला फार बोललो नाही.

मी एवढेच म्हणालो, "जनरेटर किती दाखवतोय बघ, आणि तुझं टर्बाइन किती देतंय ते किलोवॅटमध्ये काढ."

१८ टन प्रति तास म्हणजे ५ किलो प्रति सेकंद. ६१६.२ गुणिले ५, म्हणजे शाफ्टवर ३,०८१ किलोवॅट. जनरेटरचा मीटर ३,८८० दाखवत होता. शाफ्टवर येते त्यापेक्षा आठशे किलोवॅट जास्त. कागदाकडे बघत तो बराच वेळ गप्प होता.

## चूक नेमकी कुठे

०.१५ बारला पाणी ५४° ला उकळते. त्या दाबाला आणि त्या तापमानाला पूर्ण पाणी असू शकते, पूर्ण कोरडी वाफ असू शकते, आणि मधले कोणतेही मिश्रण असू शकते. एन्थाल्पी २२५.९ पासून २५९८.३ पर्यंत काहीही. ओल्या क्षेत्रात दाब आणि तापमान ही दोन वेगळी माहिती राहत नाही. एक सांगितले की दुसरे ठरलेलेच असते. वरच्या टोकाला वाफ अतितप्त असल्यामुळे या दोन नोंदींवरून h₁ पक्की होते. खालच्या टोकाला तीच पद्धत लावली, तर तक्त्यात दिसणारा पहिला 'वाफेचा' आकडा, कोरड्या संपृक्त वाफेचा, उचलला जातो. ट्रेनीने तेच केले होते.

एग्झॉस्टमधली वाफ ओली होती. किती ओली, म्हणजे शुष्कांश किती, हे सांगणारे वाचन लॉगशीटवर नव्हते.

पण ५४° ची ती नोंद वाया गेली नाही. h₂ साठी ती निरुपयोगी, पण व्हॅक्यूम गेज खरे बोलते आहे का, हे तपासायला तिच्याइतके सोपे साधन नाही. ०.१५ बारचे संपृक्त तापमान ५३.९७°. थर्मामीटर ५४ दाखवतो, म्हणजे गेज, बॅरोमीटर आणि थर्मामीटर तिन्ही एकमेकांच्या बाजूने साक्ष देतात. एग्झॉस्टचे तापमान संपृक्त तापमानापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त असते, तर वाफ खरोखरच कोरडी आहे अशी शंका घ्यायला जागा होती.

## समोर असलेले पर्याय

चर्चेत चार रस्ते निघाले.

पहिला देखभाल प्रमुखांचा: आकडा काहीही असो, शटडाऊन येतेच आहे, केसिंग उघडून बघू. यात तथ्य नव्हते असे नाही. पण रोटर बाहेर काढून परत बसवणे, क्लिअरन्स नव्याने लावणे, अलाइनमेंट, हे सगळे अंगावर घ्यायचे, तर काहीतरी ठोस कारण हवे. आठशे किलोवॅटने चुकलेला कागद हे कारण नव्हे.

दुसरा प्रस्ताव उत्पादन विभागातल्या एका सहकाऱ्याचा. "एन्ट्रॉपी समान धरा. s₁ ६.७७१४, त्यावरून शुष्कांश ०.८३, h₂ २१९४. उरलेलं सोपं आहे." याने चक्राची कार्यक्षमता ३४ टक्के येते. गणित बरोबर, फक्त ते आपल्या टर्बाइनचे नाही. आदर्श टर्बाइन असते तर काय मिळाले असते, एवढेच ते सांगते. त्याला ८२ टक्क्यांनी गुणून 'प्रत्यक्ष' आकडा काढावा, असेही तो म्हणाला. पण टर्बाइन अजून ८२ टक्के देते का, हाच तर प्रश्न. जे शोधायचे तेच गृहीत धरायचे, मग कागद कशाला?

तिसरा रस्ता शुष्कांश थेट मोजण्याचा. ट्रेनीला थ्रॉटलिंग कॅलरीमीटर आठवले. त्यात ओली वाफ बारीक छिद्रातून कमी दाबाला सोडतात; एन्थाल्पी बदलत नाही, पण कमी दाबाला ती अतितप्त होते आणि मग दाब व तापमानावरून वाचता येते. बॉयलरच्या ड्रमपाशी हे चालते. इथे वाफ आधीच ०.१५ बारला होती. तिला आणखी कमी दाबाची जागा आणायची कुठून? आणि ती मिळाली असती, तरी इतक्या ओल्या वाफेची अतितप्त होण्याइतकी ऐपत नसते.

राहिला चौथा: ऊर्जेच्या जमाखर्चावरून h₂ उलटी काढणे. टर्बाइनमध्ये किती एन्थाल्पी शिरली हे माहीत आहे, शाफ्टवाटे किती कार्य बाहेर पडले हे जनरेटरवरून कळते. उरलेली एग्झॉस्टमध्येच असणार. आम्ही हा धरला. त्याची कमजोर बाजूही तेव्हाच बोलून घेतली: सगळा भार फ्लोमीटरवर आणि गिअरबॉक्स-जनरेटरच्या तोट्याच्या अंदाजावर येतो.

## काय केले

आधी फ्लोमीटर तपासला. ओरिफिस मीटरचे वाचन वाफेच्या घनतेवर अवलंबून असते. ते ज्या दाबा-तापमानासाठी लावलेले आहे त्यापेक्षा वाफ वेगळी असेल, तर प्रवाहाचा आकडा गुपचूप चुकतो. इथे मीटर ४० बार, ४००° साठीच लावलेला होता आणि वाफही तशीच होती. कंडेन्सेट लाइनवरच्या वेगळ्या मीटरने १७.८ टन दाखवले. दोन वेगळ्या जागचे, वेगळ्या जातीचे मीटर एक-सव्वा टक्क्यात जुळले.

आणखी एक तपासणी कागदावरच झाली. टर्बाइन खरोखर ६० टक्क्यांचे असते, तर ३,८८० किलोवॅट काढायला २४ टन प्रति तास वाफ लागली असती. बॉयलरची क्षमताच २२ टनांची. देखभाल प्रमुखांना हे पटले. स्टीम टेबलशी त्यांचे फारसे सख्य नव्हते, पण बॉयलर किती देतो हे त्यांना तोंडपाठ होते.

मग h₂. गिअरबॉक्स आणि जनरेटर मिळून ९५ टक्के धरले, हा आकडा निर्मात्यांच्या कागदपत्रांतून.

```
शाफ्टवरची शक्ती   = ३८८० / ०.९५      = ४०८४ किलोवॅट
टर्बाइनचे कार्य    = ४०८४ / ५         = ८१६.८
h₂                = ३२१४.५ − ८१६.८   = २३९७.७
शुष्कांश          = (२३९७.७ − २२५.९) / २३७२.३ = ०.९१५
निव्वळ कार्य       = ८१६.८ − ९.३       = ८०७.५
कार्यक्षमता        = ८०७.५ / २९७९.३    = २७.१ %
```

h₂ च्या एका ओळीने २०.४ चे २७.१ झाले. टर्बाइनची आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमता ८१६.८ भागिले १०२०.५, म्हणजे ८० टक्के. शुष्कांश ०.९१५ हाही पटण्याजोगा. वाफेत बारा-तेरा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी झाले की शेवटच्या ब्लेडांची धूप होऊ लागते, इथे साडेआठ टक्के होते.

पंपाचे ९.३ किलोजूलही एकदा वास्तवाशी घासून पाहिले. ५ किलो प्रति सेकंदाला ते ४६ किलोवॅट होतात. पंपाची मोटर ५२ किलोवॅट ओढत होती. मोटरचा स्वतःचा तोटा वजा केला की जमते. टर्बाइनच्या कार्यापुढे हा भाग सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणून त्यावर याहून वेळ घालवला नाही.

ट्रेनीला आता खरा ताळा हवा होता, आणि त्याने तो स्वतःच सुचवला: कंडेन्सरच्या थंड पाण्यावरून. पंपाच्या आलेखावरून प्रवाह ताशी सुमारे १,१५० घनमीटर, तापमानवाढ ८.१°. उष्णता १०,७७० किलोवॅटच्या आसपास, प्रति किलो वाफ २,१५३ किलोजूल. त्यात कंडेन्सेटचे २२६ मिळवले की h₂ = २३७९. जनरेटरच्या बाजूने आलेल्या २३९७.७ शी फरक १९ चा. तो खूश झाला.

मी थोडे पाणी ओतले. h₂ २३९८ असेल तर या प्रवाहाला थंड पाणी ८.२° तापायला हवे. २५९८ असेल तर ८.९°. म्हणजे सगळा वाद सात दशांश अंशांत मावतो. आपले दोन थर्मामीटर मिळून अर्धा अंश सहज चुकू शकतात, आणि पाण्याचा प्रवाह तर मोजलेलाही नाही, आलेखावरून उचललेला आहे. हा ताळा बाजूने पडला याचे समाधान मानायचे, पण एकट्याच्या जोरावर त्याने निकाल दिला नसता. जनरेटरची बाजू मजबूत, कारण विजेचा मीटर अचूक असतो आणि तिथे आपण मोठ्या आकड्यांतला छोटा फरक शोधत नाही.

## मग वीज कमी का निघत होती

टर्बाइन ८० टक्क्यांचे निघाले. ८२ च्या जुन्या आकड्यापासून दोन टक्के खाली, आणि आमच्या मोजमापातली अनिश्चितता तेवढीच. पण शिफ्टवाल्यांची तक्रार खोटी नव्हती. सगळे जण h₂ वर भांडत असताना कागदावरची एक नोंद दुर्लक्षित राहिली होती: ०.१५ बार. आराखड्यात कंडेन्सरचा दाब ०.१० बार होता.

थंड पाणी ४०.१° ला बाहेर पडत होते आणि वाफ ५४° ला द्रवत होती. अंतर जवळजवळ १४ अंशांचे. स्वच्छ कंडेन्सरमध्ये ते चार-सहा अंशांचे असते. एवढ्या फरकाला दोन कारणे सहसा असतात: नळ्यांत खपली जमली आहे, किंवा कुठूनतरी हवा आत शिरून नळ्यांभोवती पांघरूण घालते आहे. केसिंगऐवजी कंडेन्सर उघडायचा, हे आता ठरल्यात जमा होते, पण हवेचा संशय फिटल्याशिवाय नाही. हवा शिरत असेल तर नळ्या कितीही घासल्या तरी व्हॅक्यूम तसाच राहतो.

भार कमी करून इजेक्टरकडे जाणारी हवेची झडप थोडा वेळ बंद ठेवली आणि व्हॅक्यूम किती वेगाने उतरतो ते मिनिटामिनिटाला लिहिले. वेग कमिशनिंगच्या नोंदीएवढाच निघाला. हवा शिरत नव्हती. राहिल्या नळ्या.

शटडाऊनमध्ये टर्बाइन तसेच ठेवून वॉटर बॉक्स उघडले. नळ्यांच्या आत नखाने खरवडून निघेल असा पांढुरका थर होता. एका नळीत टॉर्च लावून दुसऱ्या टोकाने पाहिले, तर उजेडाभोवती खडबडीत कडे दिसत होते. सगळ्या नळ्या साफ केल्या.

## निष्पत्ती

सुरू झाल्यावर तेवढीच वाफ, तेवढेच ३२° चे थंड पाणी असलेला तास निवडून पुन्हा नोंदी घेतल्या. व्हॅक्यूम ०.९१ बार, म्हणजे निरपेक्ष दाब ०.१०, एग्झॉस्ट ४६°, जनरेटर ४,०६० किलोवॅट. त्याच पद्धतीने टर्बाइनचे कार्य ८५४.७, h₂ २३५९.८, निव्वळ कार्य ८४५.५ आणि कार्यक्षमता २८.१ टक्के. आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमता ७९.९. टर्बाइनला हात लावलेला नव्हता आणि त्याचा आकडाही हलला नाही. वेगळ्या व्हॅक्यूमला तोच आकडा परत यावा, ही मला थंड पाण्याच्या ताळ्यापेक्षा मोठी साक्ष वाटली.

एक आक्षेप मात्र बॉयलरच्या बाजूने आला, आणि तो विचार करण्याजोगा होता. बॉयलर पाहणारे गृहस्थ म्हणाले, "पूर्वी कंडेन्सेट ५४ चं यायचं, आता ४६ चं येतंय. इंधन माझं जास्त जाणार. फायदा कसला सांगता?" इंधन जास्त जाणार हे खरे. h₄ २३५.२ वरून २०१.० झाली, त्यामुळे प्रत्येक किलो वाफेला ३४.२ किलोजूल जास्त द्यावे लागतात. पण निव्वळ कार्य ३८.० ने वाढले. उष्णता १.१ टक्क्याने वाढली, कार्य ४.७ टक्क्यांनी. ३४ देऊन ३८ मिळतात हे ऐकून ते हसले, चमत्कार नाही ना म्हणाले. नाही. उरलेले ३.८ किलोजूल पूर्वी थंड पाण्यात जात होते, ते आता जात नाहीत.

## वेगळे काय करता आले असते

लॉगशीटवर व्हॅक्यूमची नोंद गेजप्रमाणे लिहिली जात होती आणि तिच्याशेजारी बॅरोमीटरचा रकाना नव्हता. गेज ०.९१ वरून ०.८६ वर आले हे कित्येक आठवडे कोणालाच खटकले नाही. आकडा तसा 'चांगलाच' दिसत होता. शेजारी निरपेक्ष दाब लिहिलेला असता, तर ०.१० चे ०.१५ म्हणजे दीडपट झालेले पहिल्याच आठवड्यात दिसले असते. आता तो रकाना आहे, आणि बाहेर पडणाऱ्या थंड पाण्यापेक्षा एग्झॉस्ट किती गरम आहे याचाही.

मला स्वतःला कागद हातात आल्याबरोबर किलोवॅट विचारायला हवे होते. मी आधी वातावरणाचा दाब, मग विशिष्ट आकारमान, मग बेरजा तपासत बसलो, कारण सवय तीच. शाफ्टची शक्ती आणि जनरेटरचा मीटर शेजारी ठेवायला अर्धा मिनिट लागतो. आणि देखभाल प्रमुखांकडे तो ६० चा आकडा तपासणीच्या आधी पोहोचला, ही चूक ट्रेनीची नव्हे, आमची. एकदा 'ब्लेडं गेली' हे वाक्य बोलले गेले की ते मागे घ्यायला सहा जणांची बैठक लागते.

एक दुवा अजून सैल आहे. ९५ टक्क्यांचा आकडा आम्ही मोजलेला नाही. तो ९३ असेल तर टर्बाइन ८२ टक्क्यांचे ठरते, ९७ असेल तर ७८ चे. गिअरबॉक्सच्या तेलाचा प्रवाह आणि तेलाची तापमानवाढ मोजली तर त्याचा तोटा वेगळा काढता येईल. ट्रेनीने त्यासाठी ऑइल कूलरच्या दोन्ही बाजूंना थर्मामीटरचे खिसे मागितले आहेत. ते पुढच्या शटडाऊनच्या यादीत आहेत.